मंगळूरमधले दोन प्लॉट: एक सेंटने, एक चौरस फुटाने

दक्षिण कन्नड जिल्हा 1956 पर्यंत मद्रासकडे होता, त्यामुळे मंगळूरला जमीन आजही सेंटने विकली जाते. एकराचा शंभरावा भाग म्हणजे सेंट, 435.6 चौरस फूट. आपल्या एका गुंठ्यात, म्हणजे 1089 चौरस फुटांत, बरोबर अडीच सेंट बसतात.

समजा, पहिला प्लॉट पाच सेंटचा, भाव सेंटला 9 लाख. दुसरा लेआउटमधला 40 बाय 60 चा, भाव चौरस फुटाला 2000. एजंट सोयीसाठी सेंट 450 फुटांचा धरतो, म्हणजे पहिल्याचाही दर 2000 येतो आणि दोन्ही सारखेच वाटतात. पण 9 लाखांना 435.6 ने भागा, दर 2066 निघतो. पाच सेंट म्हणजे 2178 चौरस फूट, किंमत 45 लाख. दुसरा 2400 फूट, 48 लाख. एकूण रक्कम जास्त असूनही दराने दुसरा स्वस्त.

खरा फरक मात्र रस्त्यात असतो. सेंटच्या जमिनीत वाटेसाठी सोडलेली पट्टी बऱ्याचदा खरेदीखतातल्या क्षेत्रातच धरलेली असते. इथे अर्धा सेंट वाटेत गेला तर हाती 1960 फूट उरतात आणि दर थेट 2296 वर जातो. लेआउटमध्ये रस्ता सहसा वेगळा दाखवलेला असतो, तरी मंजूर नकाशा पाहाच. मी तर आधी टेपने चारही बाजू मोजेन. प्लॉट तिरका असेल तर एक कर्णही मोजायचा, दोन त्रिकोणांचं क्षेत्रफळ काढायचं आणि मगच भावावर बोलायचं.