साडेअठरा हजारांचं जीपीए प्रमाणपत्र

मुलीला बी.एस्सी. संख्याशास्त्राला सरासरी ६६ टक्के. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एम.एस.साठी अर्ज करायचा होता आणि त्यांच्या पानावर 'किमान जीपीए ३.०' अशी अट होती. आमच्या शहरातल्या परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराने आमच्यासमोरच कॅल्क्युलेटर काढला, ६६ ला २५ ने भागलं आणि २.६४ हा आकडा आमच्याकडे फिरवला. "साहेब, फाइल पहिल्याच चाळणीत जाते बघा," असं म्हणून त्याने चहा मागवला. चहा येईपर्यंत उपायही आला होता. 'यूएस ॲप्रूव्ह्ड' संस्थेचं जीपीए प्रमाणपत्र, आठ दिवसांत, साडेअठरा हजार रुपये. मुलीच्या गुणपत्रिकांच्या फक्त झेरॉक्स द्यायच्या.

ही फसवणूक दोन पायऱ्यांची आहे. आधी चुकीचं गणित करून घाबरवायचं, मग त्या भीतीवरचं औषध विकायचं. पहिली पायरी ओळखली की दुसरीवर पाय पडत नाही, म्हणून त्या भागाकाराबद्दल जरा सविस्तर सांगतो.

१०० म्हणजे ४.०, म्हणून २५ ने भागायचं, हे ऐकायला रास्त वाटतं. पण अमेरिकेत जीपीए टक्क्यांवरून निघत नाही. प्रत्येक विषयाला ए, बी, सी अशी श्रेणी मिळते, ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, आणि त्या त्या विषयाच्या क्रेडिटप्रमाणे सरासरी काढली जाते. तिथल्या बऱ्याच वर्गांत ९० च्या पुढे ए मिळतो. आपल्याकडे ६० ला प्रथम श्रेणी आणि ७० ला डिस्टिंक्शन, ९० तर विज्ञानाच्या लेखी पेपरात क्वचितच. त्यामुळे परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या खऱ्या संस्था टक्क्यांना भागत बसत नाहीत. त्या आधी आपल्या पद्धतीतला गुण कोणत्या श्रेणीच्या तोडीचा, हे ठरवतात. त्यांच्यातल्या एका प्रचलित तक्त्यात ६० च्या पुढे ए, ५५ ते ५९ ला बी प्लस आणि ५० ते ५४ ला बी धरतात. बी प्लसचे ३.३.

मुलीचं एक सत्र घ्या. चार लेखी विषय, प्रत्येकी ४ क्रेडिट, गुण ७१, ६३, ५७ आणि ५२. शिवाय २ क्रेडिटचं प्रात्यक्षिक, त्यात ७८. पहिल्या दोन विषयांना ए, म्हणून प्रत्येकी १६. तिसऱ्याला ३.३ गुणिले ४, म्हणजे १३.२. चौथ्याला १२ आणि प्रात्यक्षिकाला ८. बेरीज ६५.२, भागिले १८ क्रेडिट, झाला ३.६२. याच सत्राची टक्केवारी ६२.६७ येते आणि सल्लागाराच्या भागाकाराने ती २.५१ होते. एकाच सत्राला एकजण ३.६२ म्हणतो, दुसरा २.५१. घाबरायचं कारणच नव्हतं.

प्रमाणपत्र आलं ते जाड कागदावर, होलोग्राम लावून, त्यावर ३.७८. आकडा खऱ्याच्या फार लांबचा नव्हता आणि हीच त्यातली लबाडी. अगदी ३.९९ दिला असता तर आम्हाला शंका आली असती.

त्याने अर्ज भरतानाही 'मदत' केली. पदवीच्या गुणांच्या रकान्यात ३.७८ आणि 'पैकी ४.०' असं टाकलं. त्या रकान्याखाली लहान अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं की गुण तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर आहेत तसेच द्या, स्वतः रूपांतर करू नका. अशी सूचना बऱ्याच अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जांत असते. त्यांच्याकडे भारतीय गुणपत्रिका वर्षानुवर्षं येतात आणि त्या वाचणारी माणसं असतात. महिनाभराने प्रवेश कार्यालयाची ईमेल आली : अर्जातला जीपीए आणि ट्रान्सक्रिप्ट जुळत नाहीत, सोबतची मूल्यमापन संस्था आम्ही मान्य करत नाही, खुलासा करा. सल्लागार म्हणाला, "होतं असं कधीकधी, दुसऱ्या विद्यापीठाला टाकू." त्यानंतर त्याचा फोन लागायचा, उचलला जायचा नाही.

खुलासा मुलीने तिच्या विभागप्रमुख मॅडमच्या मदतीने लिहिला, जेमतेम पाऊण पान. अर्जात आकडा कुठून आला ते सरळ सांगितलं आणि तो रद्द धरून १०० पैकी ६६ धरावेत, अशी विनंती केली. मग पद्धत सांगितली : उत्तीर्ण व्हायला ४०, द्वितीय श्रेणीला ५०, प्रथम श्रेणीला ६०, डिस्टिंक्शनला ७०. श्रेणींचा हाच तक्ता ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला छापलेला असतो, पण स्कॅन करताना ती बाजू हमखास राहून जाते. आमचीही राहिली होती, ती जोडली. सगळ्यात उपयोगी पडलं ते कॉलेजने दिलेलं पत्र : वर्गात ५४ विद्यार्थी, प्रथम श्रेणी किंवा त्याहून वर ११, आणि त्यात हिचा क्रमांक चौथा. ६६ म्हणजे नक्की काय, हे अमेरिकेतल्या माणसाला त्या एका ओळीत कळतं. कुठलीही श्रेणी 'बरोबर ए' असा दावा मॅडमनी करू दिला नाही. तो निर्णय विद्यापीठाचा, त्यांना लागणारी माहिती फक्त आपण द्यायची, असं मॅडमचं म्हणणं. मला ते पटलं.

विद्यापीठाने खुलासा घेतला आणि मान्य संस्थेचा विषयवार अहवाल मागितला. तो करून घेताना आधीचा कागद किती पोकळ होता ते उलगडलं. खरी संस्था तुमच्या हातातल्या झेरॉक्सवर काम करत नाही. ट्रान्सक्रिप्ट आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून बंद, शिक्का मारलेल्या पाकिटात किंवा विद्यापीठाच्याच ऑनलाइन व्यवस्थेतून थेट त्यांच्याकडे जातं. आठ दिवसांचा वायदा तिथेच खोटा ठरतो, कारण आपल्या परीक्षा विभागातून पाकीट निघायलाच त्याहून वेळ लागतो. संस्थेकडच्या खात्याचा संदर्भ क्रमांक विद्यार्थ्याच्या नावे असतो, फी थेट संस्थेच्या संकेतस्थळावर भरली जाते आणि अहवाल संस्थेकडूनच प्रवेश कार्यालयाला जातो. त्यात प्रत्येक विषय, त्याची क्रेडिट आणि श्रेणी असते. शिवाय पदवी तिथल्या कशाच्या बरोबरीची, हेही आधी लिहिलेलं असतं. आपल्या तीन वर्षांच्या पदवीबाबत हा मुद्दा फार नाजूक आहे, कारण तिथली पदवी चार वर्षांची आणि संस्थांची मतं सारखी नाहीत. आमच्या होलोग्रामवाल्या कागदावर याबद्दल अवाक्षर नव्हतं.

'यूएस ॲप्रूव्ह्ड' हा शब्दच बनावट आहे. अमेरिकेचं शिक्षण खातं परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करत नाही आणि दूतावासही अशी प्रमाणपत्रं मंजूर करत नाही. नेसेस ही मूल्यमापन संस्थांची संघटना आहे, पण ती स्वतः कुणाच्या गुणपत्रिका तपासत नाही. आमच्या कागदावर तिचं बोधचिन्ह होतं. naces.org वर सदस्यांची यादी कुणालाही दिसते, त्यात आमच्या कागदावरच्या संस्थेचं नाव नव्हतं. मात्र यादीतली संस्था निवडण्याआधीही विद्यापीठाला विचारा की अहवाल हवा आहे का आणि कुणाचा चालेल. पुष्कळ ठिकाणी तो लागतच नाही.

पैशांचं म्हणाल तर पावतीवर 'डॉक्युमेंटेशन चार्जेस' एवढंच आहे, प्रमाणपत्राचा उल्लेख नाही. सुदैवाने 'सर्टिफिकेट आलं, ३.७८' हा त्याचा व्हॉट्सॲप निरोप आणि यूपीआयची नोंद शिल्लक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर त्याने आठ हजार परत केले आणि बाकीचे 'सेवा शुल्क' म्हणून ठेवले. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. कुणाच्या हातात असाच होलोग्राम असेल तर तो अर्जाला जोडू नका, आणि पावतीवर काय लिहिलंय ते आजच बघून घ्या.