आठ महिने घरीच पेडिक्युअर: पार्लरमधल्या नखुरड्यानंतर काय काय वापरलं, काय फेकलं

आधी हे का सुरू केलं ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. नोव्हेंबरमध्ये नणंदेचं लग्न होतं, ठाण्यात घराजवळच्याच एका पार्लरमध्ये आम्ही तिघीजणी पेडिक्युअरला गेलो. मी सकाळीच पायांचं वॅक्सिंग केलं होतं. पाय टबात बुडवून झाले, मग तिथल्या मुलीने नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, म्हणजे क्युटिकल, लोखंडी पुशरने मागे ढकलली आणि निपरने कापायला घेतली. डाव्या अंगठ्याच्या कोपऱ्यात जरा जास्तच कापलं गेलं, टिपूसभर रक्त आलं, तिने कापूस दाबला, मी पण काही बोलले नाही. तोच निपर माझ्याआधी दुसऱ्या बाईच्या पायाला लावलेला मी डोळ्यांनी बघितला होता. मधे फक्त एका निळ्या पाण्याच्या ग्लासात बुडवून काढला, पाच-सात सेकंद असेल.

तिसऱ्या दिवशी अंगठा ठसठसायला लागला, चौथ्या दिवशी नखाच्या बाजूला लाल फुगवटा आणि आत पिवळा पू दिसायला लागला, लग्नात चपला घालून उभी होते ते कसं ते माझं मला माहीत. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, नखुरडं आहे. अंगठा बधिर करून पू काढला, पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, आणि कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा पाय ठेवायला सांगितलं. हेही सांगितलं की लाली पायावर वर सरकायला लागली किंवा ताप आला तर वाट न बघता लगेच यायचं.

मी विचारलं, एवढीशी जखम आणि एवढं कसं? तर ते म्हणाले, क्युटिकल ही घाण नाहीये, ते नख आणि कातडी यांच्यामधलं सील आहे. ते कापलं की नखाच्या मुळाशी दार उघडं राहतं, आणि त्याच वेळी निपरवर कोणाचे तरी जंतू असतील तर ते सरळ आत. बुरशी पण अशीच येते आणि रक्त निघालं असेल तर हिपॅटायटिस बी चा विषाणू पण, तो तर वाळलेल्या रक्तात आठवडाभरसुद्धा जिवंत राहू शकतो. मी लस घेतलीय म्हणून बरं, नाहीतर झोपच लागली नसती.

त्यानंतर मी जे वाचलं त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या वॉटसनविल गावात एकाच नेल सलूनच्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांना गुडघ्याच्या खाली गळवं झाली. आधी किडा चावल्यासारखी बारीक पुळी, मग आठवड्यांनी मोठं गळू, बऱ्याच जणींना डाग कायमचे राहिले. जंतू होता टीबीच्या जंतूच्या लांबच्या नात्यातला, नळाच्या पाण्यात आपसूक असणारा, गळवांच्या नेहमीच्या गोळ्यांना तो सहज दाद देत नाही. तो वाढला कुठे, तर पाण्याचे फवारे सोडणाऱ्या टबाच्या जाळीच्या मागे. तिथे केस आणि मेलेल्या कातडीचा थर साचला होता, ती जाळी काढून कोणी साफच करत नव्हतं, आणि वरून टब मात्र चकाचक दिसायचा. ज्या बायका जायच्या आधी रेझरने पायाचे केस काढून गेल्या होत्या त्यांना जास्त झालं, कारण रेझरने कातडीवर न दिसणाऱ्या चिरा पडतात. हे वाचलं आणि मला त्या दिवशीचं माझं वॅक्सिंग आठवलं, कातडी तर त्यानेही सोलवटतेच.

तर डिसेंबरपासून घरी. आधी ऑनलाइन सहाशे रुपयांचा बारा वस्तूंचा सेट मागवला, तो आता सांगते अजिबात घेऊ नका. त्यातलं टाच तासायचं ब्लेड मी पहिल्याच आठवड्यात फेकलं, ते एकदा खोल गेलं की टाचेला चीर पडते आणि चालताना ती भरतच नाही. अमेरिकेत तर कितीतरी राज्यांत असल्या ब्लेडला सलूनमध्ये बंदीच आहे. क्युटिकल कापायचा निपर पण बाद, कारण कापायचंच नाही म्हटल्यावर तो कशाला. वरून तिसऱ्या महिन्यात त्याच्या स्प्रिंगजवळ गंज आला, मी धुऊन ओला तसाच डब्यात टाकला होता. गंजलेल्या खड्ड्यात साबण पोचत नाही, म्हणून गंजलं की ते हत्यार गेलंच समजायचं.

आज माझ्याकडे तीनच वस्तू आहेत, आणि त्या पुरतात: पायाच्या नखांसाठीचा मोठा, सरळ धारेचा नेलकटर, काचेची फाइल आणि एक वज्री. काचेची फाइल मुद्दाम घेतली कारण ती साबणाने धुता येते, ती कागदी खरखरीत फाइल असते ना ती आतपर्यंत शोषते, ती कितीही पुसली तरी साफ होत नाही. पार्लरमध्ये तीच फाइल दहा जणींना लागते हे लक्षात ठेवा. दगडाचं पण तेच, छिद्रंच छिद्रं, म्हणून आमच्याकडे आता दगड नाहीच, वज्री आहे, ती घासून धुता येते.

साफ करायचं कसं यावरच माझं सगळ्यात जास्त चुकत होतं. मी आधी नेलकटर सरळ स्पिरिटमध्ये बुडवायचे आणि झालं म्हणायचे. पण नखाचा भुगा, तेल, कातडी चिकटलेली असेल तर स्पिरिट त्याच्या आत जात नाही, ते वरच्यावरच राहतं. आता आधी कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश, धारेच्या आतल्या फटीपर्यंत घासायचं. मग कोरडं पुसायचं, कारण ओलं बुडवलं की स्पिरिट पातळ होतं. मग छोट्या स्टीलच्या वाटीत ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हत्यार पूर्ण बुडेल असं दहा मिनिटं ठेवायचं, बाहेर काढून कागदावर उघडंच वाळू द्यायचं. आणि वाटी गॅसपासून लांब, हे पेटतं. यानेही सगळं शंभर टक्के निर्जंतुक होतं असं नाही, काही चिवट जंतूंचे बीजाणू राहतात, पण स्वतःचं हत्यार स्वतःच्याच पायाला वापरताना एवढं भरपूर झालं.

पार्लरमध्ये ती निळ्या लाइटची पेटी असते ना, तिच्यावर माझा पूर्वी फार विश्वास होता. उजेड जिथे पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर तो काम करतो, बिजागरीच्या फटीत आणि खालच्या बाजूला नाही. साफ केलेलं हत्यार ठेवायला ती ठीक, न धुतलेलं त्यात टाकून काहीच होत नाही. खरं निर्जंतुक करायचं तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालची १२१ डिग्रीची वाफ. असं पार्लर असेल तर हत्यार बंद पाकिटात येतं, पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो आणि ते तुमच्यासमोर फाडतात.

आता माझा रविवार सांगते. आंघोळीनंतरच करते, नखं मऊ असतात. आधी नेलपॉलिश पूर्ण काढते आणि दोन दिवस तशीच ठेवते, नखाचा रंग दिसला पाहिजे. बादलीत कोमट पाणी, पाय पाच-सात मिनिटंच, अर्धा तास भिजवलं की कातडी इतकी फुगते की कुठे थांबायचं कळत नाही आणि वज्रीने जास्त घासलं जातं. टाच एका दिवसात गुळगुळीत करायची नाही, दर आठवड्याला थोडं. नखं सरळ आडवी कापायची, एखादा मिलिमीटर पांढरं ठेवून, कोपरे फाइलने फक्त टोचणार नाहीत इतके. क्युटिकल नुसतं ओल्या टॉवेलने हलकं मागे, बस.

कोपऱ्यावरून एक सांगते. जानेवारीत मी उजव्या अंगठ्याचा कोपरा आत घुसून गोल कापला, छान दिसत होता. दहा-बारा दिवसांनी नख वाढलं तसं त्याचं टोक कातडीत रुतायला लागलं, बूट घालवेना. पुन्हा कापायचा मोह होतो, पण तिथेच फसतं, जितकं आत कापाल तितकं पुढचं टोक अजून आत वाढतं. रोज कोमट पाणी, पुढून मोकळी चप्पल, आणि कापणं बंद. तीन आठवड्यांत ते टोक कातडीच्या बाहेर आलं. पू किंवा लाली असती तर मी घरी थांबले नसते.

भेगांसाठी रात्री युरिया असलेली क्रीम आणि सुती मोजे, आणि थंडीत मालवणहून आणलेलं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, गरम करून पातळ झालं की भेगेत भरायचं. भिरंडेलाने टाच मऊ राहते हा माझा अनुभव, पण भेगेतून रक्त येत असेल तर त्यावर अवलंबून राहू नका.

घरात यावरून थोडं वाजलं पण. सासूबाई म्हणाल्या, "अगं चाळीस वर्षं आख्खं घर एकाच नेलकटरने नखं कापतंय, कोणाला काय झालं?" मी म्हटलं, "आई, तुमच्या अंगठ्याचं नख बघा ना, पिवळं आणि जाड झालंय, भुगा पडतोय." त्यांना वाटत होतं वयामुळे असेल. स्किनच्या डॉक्टरांनी नखाचा तुकडा तपासायला घेतला, बुरशी निघाली. त्यांना शुगर आहे, म्हणून त्यांच्या पायाचे नियम वेगळे आहेत आणि त्यात मी तडजोड करत नाही. पाणी किती गरम ते मी माझ्या कोपराने बघते, कारण त्यांच्या पावलांना चटका नीट कळत नाही. वज्री नाही, कुरूप काढायची पट्टी नाही, ते सगळं डॉक्टरांकडेच. मी फक्त रोज रात्री बोटांच्या बेचक्या कोरड्या करून बघते. आणि घरात आता प्रत्येकाचा नेलकटर वेगळा, त्यावर ऑइल पेंटचा ठिपका, आईंचा लाल.

पार्लरला पुन्हा गेलात तर स्वतःची हत्यारं घेऊन जा, क्युटिकल कापू नका हे बसायच्या आधीच सांगा, फवाऱ्याच्या टबाऐवजी साधं घमेलं आणि त्यात नवीन प्लास्टिक मागा, आणि आदल्या दिवशीपासून पायाला रेझर किंवा वॅक्स लावू नका. ऐकून घेत नसतील तर उठून या, मला त्या दिवशी उठता आलं नाही.

माझ्या डाव्या अंगठ्यावर त्या नखुरड्यानंतर एक आडवी खाच उमटली होती. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटरच वाढतं, त्यामुळे ती मुळापासून पुढे सरकताना मी दर रविवारी बघते. आता ती टोकाजवळ आलीय, अजून दोनेक महिन्यांत कापली जाईल.