मुलाची उंची किती होईल: आईबाबांच्या उंचीवरून, आलेखावरून की हाडांच्या वयावरून?

एका घरात वडील १६५ सेंमी, आई १५० सेंमी आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा १२९ सेंमी. दुसऱ्या घरात वडील १८० सेंमी, आई १६८ सेंमी आणि त्यांचाही दहा वर्षांचा मुलगा १२९ सेंमीच. दोन्ही मुलं वर्गात पुढच्या बाकावर बसतात. पहिल्या घरात बहुधा काळजीचं काही नाही, दुसऱ्या घरात मात्र मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं पाहिजे. हा फरक दाखवून देणं, हेच मिडपॅरेंटल हाइट नावाच्या हिशोबाचं खरं काम आहे. 'मुलगा किती उंच होईल' याचं नेमकं उत्तर मिळेल म्हणून लोक तो करतात, आणि तिथेच फसतात.

हिशोब सोपा आहे.

```
मुलगा = (वडिलांची उंची + आईची उंची + १३) ÷ २
मुलगी = (वडिलांची उंची + आईची उंची − १३) ÷ २
```

सगळं सेंटिमीटरमध्ये. प्रौढ पुरुष आणि स्त्रियांच्या सरासरी उंचीत साधारण १३ सेंमीचं अंतर असतं, म्हणून मुलासाठी आधी आईच्या उंचीत १३ मिळवायचे आणि मुलीसाठी वडिलांच्या उंचीतून १३ वजा करायचे. मग दोघांची सरासरी. ब्रिटिश बालवाढतज्ज्ञ टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली आईवडिलांची उंची विचारात घेणारे आलेख प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही रीत दवाखान्यांत रुळली. पहिल्या घरातल्या मुलाचा आकडा येतो १६४, त्याला बहीण असेल तर तिचा १५१. दुसऱ्या घरातल्या मुलाचा १८०.५.

आता हा अंदाज किती चुकू शकतो, ते पाहू. या आकड्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ८.५ सेंमी धरतात. काही ठिकाणी मुलग्यांसाठी १० सेंमीही धरतात. शंभरातली सुमारे ९५ मुलं या पट्ट्यात येतात. म्हणजे पहिल्या मुलाचं उत्तर '१६४' असं नसून '१५५.५ ते १७२.५ च्या मध्ये कुठेतरी' असं आहे. पट्टा १७ सेंमी रुंद. त्याच्या एका टोकाचा माणूस ठेंगणा वाटेल आणि दुसऱ्या टोकाचा चारचौघांसारखा.

इतका रुंद का, हे सख्ख्या भावंडांकडे पाहिलं की कळतं. दोघा भावांचे आईवडील तेच, त्यामुळे सूत्राचं उत्तरही एकच. पण आईवडिलांकडून कोणती अर्धी जनुकं कुणाच्या वाट्याला आली हे निराळं असतं, आणि उंची ठरवणारी जनुकं शेकड्यांनी आहेत. त्यात आजारपणं, आहार आणि वयात येण्याचा काळ यांची भर पडते. आईबाबांच्या उंचीत यातलं काहीच दिसत नाही, मग हिशोब कितीही काळजीपूर्वक केला तरी पट्टा अरुंद होणार कसा?

या सूत्राची एक सुधारलेली आवृत्तीही आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं यांच्या उंचीचा अभ्यास मांडला. फार बुटक्या आईवडिलांची मुलं बुटकीच, पण आईवडिलांइतकी नाहीत आणि फार उंच आईवडिलांची मुलं उंचच, पण तितकी नाहीत, असं त्यांना आढळलं. सरासरीपासूनचं आईवडिलांचं जेवढं अंतर, त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मुलांमध्ये उतरत होता. साधं सूत्र ही सरासरीकडची ओढ धरतच नाही. २००३ मध्ये हर्मानुसेन आणि कोल यांनी नवे आकडे घेऊन दुरुस्ती सुचवली. त्यांच्या आकड्यांनी साधारण नऊ दशांश अंतर उतरतं.

पहिल्या घरावर हे लावून पाहू. समाजातल्या पुरुषांची सरासरी १७५ आणि स्त्रियांची १६२ धरू. वडील सरासरीपेक्षा १० सेंमी कमी, आई १२ सेंमी कमी, म्हणजे सरासरी ११. साधं सूत्र ते ११ जसेच्या तसे मुलावर टाकतं: १६४. नऊ दशांश धरले तर १० सेंमी कमी, उत्तर १६५. गॉल्टन यांचं दोन तृतीयांश प्रमाण लावलं तर १६७ च्या पुढे. आता दोन्ही शेजारी ठेवा. दुरुस्तीने फरक पडला एक ते साडेतीन सेंमीचा आणि पट्टा आहे १७ सेंमीचा. माझं मत स्पष्ट आहे: घरच्या घरी हिशोब करायचा तर साधं सूत्र पुरे. आईवडील दोघेही खूपच बुटके किंवा दोघेही खूपच उंच असतील, तर उत्तर थोडं सरासरीकडे सरकवून वाचा.

दुरुस्तीपेक्षा मोठी चूक बहुतेक वेळा मापातच असते. 'माझी उंची पाच फूट सहा इंच' हे कुणी कॅलक्युलेटरवर ५.६ फूट असं टाकतं. पाच फूट सहा इंच म्हणजे १६७.६ सेंमी, ५.६ फूट म्हणजे १७०.७ सेंमी. इथेच तीन सेंमी वाढले. शिवाय पुरुष स्वतःची उंची ऐकीव किंवा थोडी वाढवून सांगतात, हे नेहमी दिसतं. दोघांच्या मापात मिळून चार सेंमीची चूक झाली तर उत्तर दोनने हलतं. दोघांनीही चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून एकदा नीट मोजावं.

आता दुसरा मार्ग: मुलाची स्वतःची आजची उंची. वाढीच्या आलेखावर तो ज्या रेषेवर आहे, तीच रेषा पुढे प्रौढ वयापर्यंत न्यायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखात दहा वर्षांच्या मुलग्यांची मधली उंची सुमारे १३८ सेंमी आहे. १२९ सेंमीचा मुलगा त्याच्या बराच खाली, तिसऱ्या आणि पंधराव्या पर्सेंटाइलच्या मध्ये आहे, म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलग्यांत ३ ते १५ जणच त्याच्यापेक्षा बुटके असतील. ती रेषा पुढे नेली तर आपल्या धरलेल्या सरासरीनुसार त्याची प्रौढ उंची १६६ च्या आसपास येते.

या मार्गाची मर्यादा काय? ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या आलेखांवर लिहिलेलं असतं की दर पाचपैकी चार मुलं अंदाजाच्या ६ सेंमी इकडेतिकडे राहतात. ६ हा आकडा ८.५ पेक्षा लहान दिसतो, म्हणून हा मार्ग जास्त अचूक असं वाटतं. पण ६ सेंमी आहे शंभरातल्या ८० मुलांसाठी आणि ८.५ आहे ९५ मुलांसाठी. दोन्ही एकाच मापाला आणले तर ६ सेंमीचे सुमारे ९ सेंमी होतात. म्हणजे दोन्ही मार्ग जवळपास सारखेच सैल. मर्यादांची तुलना करताना 'किती टक्के मुलांसाठी' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आलेख सैल राहण्याचं मोठं कारण वयात येण्याचा काळ हे आहे. उशिरा वयात येणारा मुलगा आज खालच्या रेषेवर दिसतो आणि नंतर वर चढतो, लवकर वयात येणाऱ्याचं उलट होतं.

नेमकी तीच माहिती तिसरा मार्ग देतो. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात, मग बेली आणि पिनो यांच्या १९५२ च्या तक्त्यावरून प्रौढ उंचीचा किती टक्के भाग पूर्ण झाला हे काढतात. हाडांचं वय दहा असलेल्या सरासरी मुलाची ७८.४ टक्के उंची झालेली असते. पहिल्या मुलाच्या हाडांचं वयही दहाच निघालं असं धरू: १२९ भागिले ०.७८४, उत्तर १६४.५. मात्र एक्स-रे वाचताना हाडांचं वय सहा महिन्यांनी इकडेतिकडे झालं, तर हा टक्का एक ते दीडने बदलतो आणि उत्तर दोन ते तीन सेंमीने सरकतं. दोन डॉक्टरांच्या वाचनात एवढा फरक पडू शकतो.

| मार्ग | पहिला मुलगा | कधी उपयोगी |
|---|---|---|
| आईबाबांची सरासरी | १६४ (१५५.५ ते १७२.५) | कधीही, मुलाचं माप नसतानाही |
| आलेखावरची रेषा | सुमारे १६६ (१५७ ते १७५) | वयात येण्याआधी, जुनी मापं असतील तर |
| हाडांचं वय | १६४.५ | शंका असेल तेव्हा, डॉक्टरांच्या सल्ल्याने |

पहिल्या घरात तिन्ही उत्तरं जुळली, म्हणून तिथे मी निश्चिंत राहीन. आता दुसरं घर घ्या. आईबाबांवरून १८०.५, पट्टा १७२ ते १८९. आलेखावरची रेषा मात्र नेते १६६ ला, म्हणजे पट्ट्याच्या खालच्या टोकाच्याही ६ सेंमी खाली. नुसता आलेख पाहिला असता तर १२९ सेंमी नेहमीच्या मर्यादेतच दिसली असती आणि कुणी काही बोललं नसतं. आईबाबांची सरासरी शेजारी ठेवली म्हणून गोष्ट उघडी पडली.

तिथे पुढची पायरी एक्स-रेची. हाडांचं वय आठ-साडेआठ निघालं आणि वडीलही उशिरा वयात आले असतील, तर मुलगा उशिरा वाढणारा असण्याची शक्यता मोठी. त्याच्याकडे वाढीची वर्षं शिल्लक आहेत. पण थायरॉइड किंवा वाढीच्या संप्रेरकाच्या कमतरतेतही हाडांचं वय मागे पडतं, म्हणून वेगही पाहावा लागतो. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंमी वाढतं. चारपेक्षा कमी वाढत असेल तर थायरॉइड, सिलिॲक हा आतड्याचा आजार आणि वाढीचं संप्रेरक यांच्या तपासण्या टाळू नयेत. हा वेग सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने मोजावा, महिन्या-दोन महिन्यांच्या मापात चूकच जास्त असते.

पट्ट्यात बसणं म्हणजे सगळं ठीक असंही नाही. आईवडिलांपैकी एकजण घरातल्या इतरांपेक्षा फारच बुटका असेल, तर एकाच जनुकातला दोष त्याचं कारण असू शकतो. हायपोकॉन्ड्रोप्लेशिया हा हाडांच्या वाढीचा विकार किंवा शॉक्स जनुकातला बदल दर मुलाला निम्म्या शक्यतेने मिळतो. अशा घरात सरासरी काढली की दोष सरासरीतच मुरतो आणि मूल पट्ट्यात सुखरूप दिसतं. हात-पाय धडाच्या मानाने आखूड दिसत असतील, तर सूत्र बाजूला ठेवून त्या पालकाचीही तपासणी व्हायला हवी.

उलट बाजूची चूकही आहे. आईवडिलांचं लहानपण उपासमारीत किंवा सततच्या आजारपणात गेलं असेल, तर त्यांची उंची त्यांच्या जनुकांपेक्षा कमी राहिलेली असते आणि नीट खाऊन-पिऊन वाढलेलं मूल सहज पट्टा ओलांडतं. नेदरलँड्समध्ये पिढ्यान् पिढ्या उंची वाढत गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सूत्राच्या उत्तरात ४.५ सेंमी मिळवायला सुरुवात केली होती. दत्तक मूल असेल आणि जन्मदात्यांची उंची माहीत नसेल तर हा मार्ग लागूच नाही, तिथे आलेख आणि वेग यांवरच विसंबावं लागतं.