ईएमटी कोर्सचे सहा महिने: सगळं ठीक, पण अंबू बॅगला वेळ द्या

रुग्णवाहिकेवरच्या आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाच्या, म्हणजे ईएमटीच्या, कोर्सला सहा महिने झाल्यावर वर्ग, पुस्तक आणि लेखी परीक्षेबद्दल तक्रार नाही. तक्रार एकच आहे. पंधरा जणांच्या बॅचला सरावाचा एक पुतळा, म्हणजे मॅनिकिन, आणि मास्क लावून हाताने दाबत श्वास देण्याची एक अंबू बॅग, तीही मास्कच्या गादीतली हवा सतत जाणारी. याबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं, "तंत्र समजलं ना?" अहो, हे हाताचं काम आहे. नुसतं समजून मास्कमधली गळती थांबत नाही, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत मुलं अडकतात ती याच स्टेशनला.

अभ्यासाचं थोडक्यात सांगायचं तर प्रवेशाआधी श्वसनमार्गाची रचना पक्की करा: जीभ, घसा, श्वासनलिकेवरची झडप म्हणजे एपिग्लॉटिस, श्वासनलिका आणि तिच्या मागची अन्ननलिका. एवढं डोळ्यांसमोर असलं की पुढच्या निम्म्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. ईसीजी, औषधं, नळी टाकणं हा पुढचा, पॅरामेडिकचा भाग आहे. त्याची पुस्तकं आत्ताच विकत घेऊन पैसे अडकवू नका.

आता परीक्षेतलं अंबू बॅगचं स्टेशन. एक्झामिनर सांगतो, प्रौढ माणूस, निपचित पडलाय. हातमोजे घालून हाक मारायची, खांदा हलवायचा, जादा मदत मागवायची. श्वास आणि मानेची पल्स एकाच वेळी बघायची, किमान ५ आणि जास्तीत जास्त १० सेकंद. पल्स आहे, श्वास नाही. तोंड उघडलं की तो सांगतो, घशात उलटी साचली आहे. इथे हात बॅगकडे गेला तर परीक्षा संपली, कारण पहिल्याच दाबाला ती उलटी फुप्फुसात जाईल. आधी सक्शन, म्हणजे यंत्राने उलटी ओढून काढणं: नळी बंद ठेवून आत घालायची, बाहेर काढताना ओढायचं, १० सेकंदांच्या आत. मग तोंडातला एअरवे, म्हणजे जीभ मागे पडू न देणारी वाकडी प्लास्टिकची नळी. माप ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत. छोटा पडला तर जिभेलाच मागे ढकलतो, मोठा झाला तर एपिग्लॉटिसवर दाबून वाट बंद करतो.

सक्शन झाल्यावर ३० सेकंदांत पहिला श्वास जायला हवा. ईएमटींना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेच्या एनआरईएमटी या संस्थेच्या चेकलिस्टमध्ये ही मर्यादा चुकली की बाकीचे गुण कितीही असोत, नापास. आणि हे ३० सेकंद जातात कुठे? ऑक्सिजनची नळी शोधण्यात. खरं तर बॅग साध्या हवेवरही चालते, त्यामुळे पहिले श्वास तसेच द्यावेत. मग १० सेकंदांच्या आत पल्स पुन्हा बघून ऑक्सिजन १५ लिटरवर जोडावा आणि मागची ऑक्सिजन साठवणारी रिझर्व्हॉयर पिशवी फुगली का ते बघावं.

आता मुख्य दुखणं, मास्कची पकड. अंगठा आणि तर्जनीचा 'सी' मास्कवर, उरलेल्या तीन बोटांचा 'ई' जबड्याच्या हाडावर. जवळजवळ सगळे नवखे मास्क चेहऱ्यावर खाली दाबतात. मग हनुवटी छातीकडे झुकते, जीभ मागे पडते आणि बॅग कडक लागते. उलट जबडा वर उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. तीन बोटं हाडावरून घसरून हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली तरीही जीभ वर ढकलली जाऊन वाट बंद होते. चूक ओळखायला सोपी आहे: गालाशी फुस्स आवाज आला तर गळती, बॅग कडक लागली तर मानेची किंवा जबड्याची स्थिती चुकली. दोन्हीत छाती उठत नाही.

चेकलिस्टबद्दल मात्र मत बदललं. सुरुवातीला ती निव्वळ पोपटपंची वाटायची. पण प्रत्येक ओळीमागे एक बिघाड आहे, हे कळल्यावर ती आपोआप लक्षात राहते. श्वासांच्या गतीचंच बघा. दर ५ ते ६ सेकंदांनी एक श्वास, दाब साधारण १ सेकंद, छाती उठताना दिसली की थांबायचं. प्रौढांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते आणि लागते ५०० ते ६०० मिलिलिटर. म्हणजे पूर्ण पिळायचीच नाही. घाईत मुलं दर दोन-तीन सेकंदांनी पिळतात. हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी परत वर येते, आणि नुकतंच केलेलं सक्शन फुकट जातं. शिवाय छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्तही कमी होतं. मॅनिकिनला उलटी होत नसल्यामुळे ही चूक सरावात लपून राहते. म्हणून जोडीदाराला घड्याळ धरायला लावा, मिनिटभर मोजा. आकडा १० ते १२ च्या वर गेला की पुन्हा.

प्रवेश घेताना एवढं विचारा: बॅग-मास्क किती आहेत, एकेकाला सलग किती मिनिटं मिळतात, आणि मॅनिकिनची छाती खरंच उठते का? फुटक्या फुप्फुस-पिशवीच्या मॅनिकिनवर पकड बरोबर असली तरी छाती उठत नाही, आणि मुलगा आपली चूक समजून आणखी जोरात मास्क दाबायला शिकतो.