मीटरपेटी, एसी आणि पाइप: ब्रोशरच्या फोटोतून आपोआप काढावं की हाताने?

ताराबाई पार्कातल्या एका दुमजली बंगल्याचा दर्शनी फोटो गेल्या महिन्यात ब्रोशरसाठी माझ्याकडे आला. खाली काळ्या घडीव दगडाचं जोतं, वर फिकट पिवळा गिलावा. मीटरपेटी निम्मी दगडावर, निम्मी गिलाव्यावर. वरच्या खिडकीलगत एसीचं आउटडोअर युनिट, त्यातून निघालेली तांब्याच्या नळ्यांची गुंडाळी आणि गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप. एजंटला यातलं काहीच नको होतं.

फोटोशॉपमध्ये यासाठी दोन वाटा आहेत. पहिली `Content-Aware Fill`: वस्तूभोवती निवड करायची, आजूबाजूचा पोत घेऊन प्रोग्रॅम ती जागा भरतो. दुसरी `Clone Stamp`: कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं हे प्रत्येक वेळी आपण ठरवायचं. पहिल्या वाटेला पाच मिनिटं, दुसरीला तासभर. वेळेचा फरक एवढा असला तरी कोणती वाट धरायची हे भिंतीवरून ठरवावं.

साध्या गिलाव्यावर पहिली वाट उत्तम. तांब्याच्या नळ्या मी तशाच काढल्या. फक्त नळीबरोबर तिची सावलीही निवडीत घ्यावी लागते, नाहीतर नळी जाते आणि भिंतीवर तिची काळी रेघ उरते. हिरव्या रंगात दिसणारा नमुना-भाग खिडकीवरून आणि छज्ज्यावरून पुसून टाकावा, म्हणजे चौकटीचे तुकडे भिंतीत उगवत नाहीत. फोटो अजून काढायचा असेल तर भिंत सावलीत असतानाच काढा. पूर्वाभिमुख घराची दर्शनी भिंत दुपारनंतर सावलीत जाते, तेव्हा पाइपांची ठळक सावली पडतच नाही आणि निम्मं काम वाचतं.

दगडावर मात्र हीच वाट फसते. जोत्याचे दगड थरांनी बसवलेले असतात आणि खालचा उभा सांधा वरच्या दगडाच्या पोटाखाली येतो. प्रोग्रॅमला ही बांधणी कळत नाही. मीटरपेटीच्या जागी त्याने दोन सांधे एकावर एक आणले आणि एक थर मध्येच संपवला. शिवाय फोटो तिरका होता, त्यामुळे लांबचे दगड लहान दिसत होते. जवळचा दगड उचलून तिथे ठेवला की तो मोठा पडतो.

इथे `Vanishing Point` फिल्टर कामाला येतो. आधी नवा रिकामा लेयर घेतला, म्हणजे मूळ फोटोला धक्का लागत नाही. मग दगडांच्या आडव्या सांध्यांवर कडा टेकवून चौकोन आखला. जाळी निळी झाली की प्रतल जुळलं. लाल किंवा पिवळी असेल तर कोपरे पुन्हा सरकवायचे. त्यानंतर त्यातल्याच स्टँपने दगड उचलला, की तो अंतराप्रमाणे आपोआप लहान-मोठा होतो. एकाच दगडाची नक्कल दोनदा नको, कारण काळ्या दगडावरचा एखादा पांढरा डाग दोन ठिकाणी दिसला की डोळा तिथेच अडतो. माझ्या एका जुन्या ब्रोशरमध्ये असा जुळा डाग छापून गेला होता. तेव्हापासून मी वर तात्पुरता `Curves` लेयर टाकून काँट्रास्ट खूप वाढवतो आणि फोटो आडवा उलटा करून पाहतो. ठिगळ असेल तर लगेच उठून दिसतं. आडव्या ए4 पानभर फोटोला 300 डीपीआयने रुंदीत सुमारे 3500 पिक्सेल लागतात. त्या आकाराला 100 टक्क्यांवर तपासलं की पुरे.

एसीच्या युनिटला या दोन्ही वाटा अपुऱ्या पडल्या. त्यामागे खिडकीचा कोपरा झाकलेला होता, आणि जे दिसतच नाही ते भरणं म्हणजे अंदाज. मी परत जाऊन चार पावलं बाजूला सरकून दुसरा फोटो काढला. त्यात कोपरा मोकळा दिसला, तेवढाच भाग आणून बसवला. घर अजून रिकामं झालेलं नसेल आणि जाणं शक्य असेल, तर एसीसाठी मी हाच मार्ग सुचवेन.

आता काय काढावं हा प्रश्न. एसी मालक घेऊन जाणार होते. मीटरपेटी कंपाउंडच्या भिंतीवर हलवण्यासाठी महावितरणकडे अर्ज झाला होता. म्हणून या दोन्ही वस्तू काढायला मी तयार झालो. पावसाचा पाइप मात्र मी काढला नाही. तो घराचाच भाग आहे, आणि कोल्हापूरच्या पावसात गच्चीचं पाणी कुठून उतरतं हे गिऱ्हाईक पहिल्या भेटीतच बघतं. पाइप नसलेला फोटो पाहून आलेल्या माणसाला तो भिंतीवर दिसला, तर बाकीच्या फोटोंवरचाही त्याचा विश्वास उडतो. विकासकांसाठी तर 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 आहेच: जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या खरेदीदाराला नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते, आणि त्याला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत करावे लागतात.

पाइपाचा करडा रंग मी भिंतीच्या पिवळ्याकडे झुकवला आणि त्याची चकाकी थोडी कमी केली. पाइप जागेवर राहिला, पण नजर आधी दारावर जाऊ लागली. एजंटने तो फोटो तसाच घेतला. मालकांनी तर पुढच्या आठवड्यात पाइपाला खरोखरच भिंतीचा रंग देऊन घेतला.