सहा उपमा की नऊ? वज्रच्छेदिकेची शेवटची गाथा पाठ करताना

वज्रच्छेदिका हे महायान बौद्ध सूत्र एकदा वाचून झालं की बहुतेकांना शेवटची गाथा पाठ करावीशी वाटते. सूत्रातच पुन्हा पुन्हा म्हटलं आहे की सप्तरत्नांनी जग भरून दान देण्यापेक्षा यातली एक चार चरणांची गाथा समजून दुसऱ्याला सांगण्याचं पुण्य मोठं. अडचण पाठ करायला बसल्यावर येते, कारण ही गाथा दोन रूपांत भेटते आणि दोन्ही रूपं तितकीच मान्य आहेत. एकात सहा उपमा आहेत, दुसऱ्यात नऊ. मी साताठ वर्षं पहिली म्हणत होतो, आता दुसरी म्हणतो. कोणी अजून ठरवत असेल तर माझा अनुभव उपयोगी पडावा म्हणून लिहितो.

सहा उपमांचं रूप कुमारजीवाचं. मध्य आशियातल्या कुचा इथे जन्मलेल्या या भिक्खूने इ.स. 402 च्या सुमारास चांगआनमध्ये सूत्राचा चिनी अनुवाद केला. पाच-पाच अक्षरांच्या चार ओळी, एकूण वीस अक्षरं. अर्थ असा: जे जे घडवलेलं आहे ते स्वप्न, माया, बुडबुडा, सावली यांसारखं, दवासारखं, तसंच विजेसारखं, त्याकडे असंच पाहावं. मूळ चिनी ओळ एकदा कानावर पडावी: ‘रू लू यी रू त्येन’, दवासारखं आणि विजेसारखंही. बोलायला घेतली की जीभ कुठे अडखळत नाही. स्वप्न, माया, बुडबुडा, सावली ही चार अक्षरं तर चिनी भाषेत वाक्प्रचार होऊन बसली आहेत. तुनह्वांगच्या गुहेत सापडलेली 868 सालची छापील प्रत याच अनुवादाची आहे. चीन, कोरिया, जपान, व्हिएतनाममध्ये सूत्र म्हटलं जातं ते मुख्यतः याच अनुवादाच्या आधाराने. तुम्ही झेन परंपरेतल्या कोणाबरोबर बसत असाल तर प्रश्नच मिटला, हीच घ्या.

नऊ उपमांचं रूप संस्कृतातलं:

तारका तिमिरं दीपो मायावश्यायबुद्बुदम् ।
स्वप्नं च विद्युदभ्रं च एवं द्रष्टव्य संस्कृतम् ॥

तारा, तिमिर, दिवा, माया, दव, बुडबुडा, स्वप्न, वीज, ढग. गिलगिटच्या हस्तलिखितात हीच नऊ आहेत. 509 मध्ये बोधिरुचीने आणि सातव्या शतकात ह्युएनत्संगाने चिनीत अनुवाद केले, त्यांतही याच क्रमाने नऊ आहेत. म्हणजे नऊ हा फक्त संस्कृत पोथीचा आग्रह नाही, चिनीतही ती वाट आहे. कुमारजीवाकडे तारा, तिमिर, दिवा आणि ढग नाहीत, आणि सावली आहे, जी इथे नाही.

पाठ करणाऱ्याने आधी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, शेवटचा ‘संस्कृतम्’ म्हणजे भाषा नव्हे. अनेक कारणं एकत्र येऊन घडलेलं ते संस्कृत. वंदनेतल्या पालीमुळे ‘सङ्खार’ ओळखीचा असेल तर त्याच घरातला शब्द. दुसरी, छापील प्रतींत कुठे ‘द्रष्टव्यं’ सापडेल, कुठे ‘द्रष्टव्य’. व्याकरणाला अनुस्वार हवा, पण अनुष्टुभात या चरणाचं पाचवं अक्षर लघु लागतं, आणि अनुस्वार दिला की ते गुरू होतं. मोठ्याने म्हणून पाहा, अनुस्वारापाशी चाल ठेचकाळते. मी तो सोडून म्हणतो. तसंच ‘स्वप्नं च’च्या जागी काही ठिकाणी ‘सुपिनं’ दिसेल. अक्षरं तेवढीच, छपाईची चूक समजू नये.

आता माझं मन कशाने फिरलं ते सांगतो. कारण वरवर लहान आहे: सावली.

मी कुमारजीवाची गाथा मराठीत म्हणत होतो. एका मे महिन्यात कान्हेरीला चढून गेलो. कातळ तापलेला, पायऱ्या संपता संपत नव्हत्या. वर एका झाडाखाली टेकलो, घाम पुसला आणि सवयीने गाथा म्हणायला लागलो. ‘सावलीसारखं’ म्हणताना थांबलो. जिच्यात बसून जीव थाऱ्यावर आला होता तिलाच मी फोल म्हणत होतो. मराठी कानाला सावली म्हणजे आसरा. ‘छाया’ घालून पाहिलं तर आईवडिलांची छाया, छत्रछाया असं सगळं आणखी दाटून आलं. ‘पडछाया’ घातली तर ओळ जड होते आणि थोडी भुताटकीही वाटते. ‘प्रतिबिंब’ जवळचं आहे, पण मग सावली गेलीच. चिनी ‘यिंग’मध्ये पडलेली सावली आणि पाण्यातलं प्रतिबिंब दोन्ही बसतात, आणि झाडाखालच्या गारव्याला तिथे ‘यिन’ हा वेगळा शब्द आहे. म्हणून चिनी माणसाला ही ठेच लागत नाही. मला मात्र त्यानंतर रोज लागू लागली. डोळे मिटून बसलेलं असताना एकाच शब्दापाशी रोज मनात वाद होत असेल तर त्या गाथेचा उपयोग राहत नाही.

नऊ उपमांकडे वळलो तेव्हा तिथेही ठेच होतीच, असं प्रामाणिकपणे म्हणायला हवं. ‘तिमिर’ म्हटलं की आपल्याला पसायदान आठवतं, ‘दुरितांचे तिमिर जावो’. म्हणजे अंधार. तारा आणि दिवा यांच्या मधोमध अंधार चपखल बसतो असं वाटून मी पुढे गेलो, आणि काही महिने चुकीच्या अर्थाने म्हणत राहिलो. इथलं तिमिर हा डोळ्यांचा रोग आहे. सुश्रुताने त्याचं वर्णन केलं आहे: रोग्याला माश्या, डास, केस, जाळी दिसतात, जी तिथे नसतात. बौद्ध आचार्य चंद्रकीर्तीने हाच दाखला घेतला आहे. तिमिर झालेल्याला भांड्यात केस पडलेले दिसतात. चांगल्या डोळ्यांच्या माणसाला तिथे केस दिसत नाहीत आणि काढून टाकण्यासारखंही काही सापडत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं, पण पटलं ते घरी. आई सत्तरीत आहे. रात्री दुधाचा पेला हातात घेतला की बोटाने काहीतरी काढू लागायची. ‘केस आहे रे यात.’ मी उजेडात धरून दाखवायचो, नसायचा. मी दूध बदलून आणलं तरी दुसऱ्या पेल्यातही तोच केस. नेत्रतज्ज्ञांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरात वयानुसार धागे तयार होतात, त्यांची सावली पडद्यावर पडते, पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती जास्त जाणवते. काळजीचं नाही, मात्र असे ठिपके एकदम वाढले किंवा डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं तर त्याच दिवशी या.

त्या रात्रीपासून पहिला चरण वेगळा ऐकू येऊ लागला. बुडबुडा, दव, वीज या उपमा सांगतात की वस्तू टिकत नाही. तिमिर सांगतं की दोष पाहण्यात असू शकतो. दूध स्वच्छ आहे. सहा उपमांच्या रूपात हे सांगणारं कोणी नाही. मायेत जादूगार बाहेर असतो, स्वप्नात पाहणारा झोपलेला असतो. जागा असून, डोळे उघडे ठेवून चुकीचं पाहणारा माणूस फक्त तिमिरात आहे.

दिव्याचंही तसंच. दिवा खोटा नसतो, त्याच्या उजेडात वाचता येतं, स्वयंपाक होतो. तो तेल आणि वातीवर उभा आहे, इतकंच. सहा उपमा रोज म्हणताना माझ्या मनात ‘सगळं मिथ्या’ असा एक कोरडेपणा साचत गेला होता. तो गाथेचा दोष नसेल, माझ्या कच्च्या समजुतीचा असेल. पण दिव्याने तो साचू दिला नाही, हा माझा अनुभव.

तिसरी गोष्ट क्रमाची. बौद्ध आचार्य असंगाच्या नावावर असलेल्या, या सूत्रावरच्या कारिकांमध्ये या नऊ उपमा एकेक करून लावून दाखवल्या आहेत. सगळ्या इथे सांगत नाही, शेवटच्या तीन पाहा. स्वप्न म्हणजे भूतकाळ, कारण तो आता फक्त आठवणीत आहे. वीज म्हणजे वर्तमान. ढग म्हणजे भविष्य, कारण पाऊस अजून त्याच्या पोटात आहे. तिसऱ्या चरणात हे तिन्ही काळ ओळीने येतात, आणि म्हणताना श्वास त्यांच्यावरून एकेक पायरी उतरतो. कुमारजीवाच्या रूपात स्वप्न सुरुवातीला गेलं, वीज शेवटी आली आणि ढग उरलाच नाही, त्यामुळे ही ओळ तिथे जुळत नाही.

तरीही कुमारजीवाला उणं लेखू नये. कोणी नुकतंच गेलं असेल आणि घरात चार माणसांसमोर काही म्हणायचं असेल, तर ‘दवासारखं, विजेसारखंही’ हे लगेच पोचतं. तिथे तिमिर समजावत बसायची वेळ नसते. मित्राच्या वडिलांच्या शोकसभेत मी सहाच म्हटल्या होत्या, सावलीच्या जागी ‘प्रतिबिंब’ घालून, आणि तेच योग्य वाटलं. त्यात ‘सारखं’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला हात धरून नेल्यासारखं होतं. संस्कृतात ‘सारखं’ कुठेच नाही. नऊ नावं एकामागून एक येतात आणि शेवटी एकच ‘एवं’. एकट्याने रोज बसणाऱ्याला ते जास्त मानवतं असं मला वाटतं. प्रत्येकाला तसं वाटेलच असं नाही.

पाठ करताना आधी ‘तारका तिमिरं दीपो’ एवढाच चरण आठवडाभर म्हणा, अर्थ घट्ट होऊ द्या. बाकीचे तीन चरण नंतर दोन दिवसांत बसतात.

आईला मी तिमिराची गोष्ट सांगितली होती. आता पेल्यात केस दिसला की ती क्षणभर बघते, ‘तिमिर’ म्हणते आणि दूध पिऊन टाकते.