बंद पेटीत रेझिस्टर: दोन वॉटचा, पाच वॉटचा की पत्र्याला कसलेला?

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या शेडच्या पश्चिमेच्या भिंतीवर एक कंट्रोलची पेटी लावायची आहे. आत २४ व्होल्टचा सप्लाय, रिले आणि थोडी सर्किटरी. बाहेर पाइपवर १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे, तो दिवसभर चालू राहतो. त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स १२० ओहम, म्हणून १२ व्होल्ट उतरवायला १२० ओहमचाच रेझिस्टर सिरीजमध्ये घालायचा. करंट ०.१ अॅम्पियर, म्हणजे रेझिस्टरमध्ये १.२ वॉट जळणार. प्रश्न एवढाच, की कुठला घ्यायचा?

दुकानात हा प्रश्न विचारलात तर उत्तर ठरलेलं असतं: दुप्पट वॉटेजचा घ्या. उघड्या बोर्डावर ते चालून जातं. बंद पेटीत मात्र एक गोष्ट विसरली जाते. दोन वॉटचा घ्या नाहीतर पन्नास वॉटचा, आत सोडली जाणारी उष्णता १.२ वॉटच राहते. मोठ्या रेझिस्टरचं अंग कमी तापतं, पेटी कमी तापत नाही.

म्हणून आधी पेटीतल्या हवेचं बघू. १५० × १५० × १०० मिलिमीटरची प्लॅस्टिकची पेटी धरली आणि भिंतीला टेकलेली बाजू सोडली, तर उष्णता बाहेर टाकायला साधारण ०.०८३ चौरस मीटर पृष्ठभाग उरतो. प्लॅस्टिकच्या पेटीसाठी दर चौरस मीटरला, दर अंशाला ३.५ वॉट हा आकडा धरण्याची पद्धत आहे. आत सगळं मिळून ४ वॉट जळत असतील तर

```
4 / (3.5 × 0.083) ≈ 14 °C
```

एवढी आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम राहील. बडोद्यात मे महिन्यात ४४ अंश काही नवलाचे नाहीत. त्यात पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीननंतर ऊन थेट पेटीच्या तोंडावर येतं. करड्या रंगाच्या पेटीला त्याचे मी आणखी पंधरा अंश धरतो. एकूण ७३, म्हणून हिशेबाला ७५ घेऊ. (रेझिस्टरवर डोकं खपवण्याआधी पेटीवर पत्र्याचं छोटं छज्जं ठोका. इथे उन्हाचा वाटा रेझिस्टरपेक्षा मोठा आहे.)

आता उमेदवार.

पहिला, दोन वॉटचा मेटल ऑक्साइड. अशा रेझिस्टरच्या डेटाशीटमध्ये सहसा ७० अंशांपर्यंत पूर्ण दोन वॉट आणि तिथून उतरत २३५ अंशांना शून्य, अशी सरळ रेघ असते. ७५ अंशांना तो अजून १.९४ वॉट झेपवतो. कागदावर १.२ वॉट आरामात बसले आणि बहुतेक लोक इथेच थांबतात.

पण त्याच रेघेत दुसरी माहिती दडलेली आहे. दोन वॉटला अंग ७० वरून २३५ वर जातं, म्हणजे दर वॉटला सुमारे ८२ अंश. १.२ वॉटला ९९ अंश वाढ, अर्थात अंगाचं तापमान १७४. रेझिस्टरला त्याचं काही वाटणार नाही, तो त्यासाठीच बनला आहे. मरतात ते शेजारी. साधा एफआर-४ बोर्ड १३०-१४० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि लागूनच उभा असलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सहसा फार तर १०५ अंशांचा असतो. अशा पेट्या दुरुस्तीला आल्या की रेझिस्टर मोजला तर बरोबर १२० ओहम दाखवतो, पण त्याच्याखाली बोर्डावर चहाच्या कपाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ असतं. पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर असते आणि व्हॉल्व्ह मधूनच बंद पडतो.

दुसरा, पाच वॉटचा सिमेंटचा, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या खोक्यातला वायरवाउंड. याची रेघ बऱ्याच बनावटींत ७० ते २७५ अशी असते. काहींची त्याआधीच उतरू लागते, म्हणून डेटाशीट बघूनच घ्या, आणि ज्याला डेटाशीटच नाही तो घेऊ नका. दर वॉटला ४१ अंश, म्हणजे अंग १२४ अंशांवर. बोर्डापासून दहा मिलिमीटर वर उचलून आणि कपॅसिटरपासून लांब बसवला तर हा चालतो. फरक दोन-चार रुपयांचा असतो, त्यामुळे दोन वॉटचा घेण्यात मला काही हशील दिसत नाही.

तिसरा, सोनेरी अॅल्युमिनियमच्या अंगाचा २५ वॉटचा, स्क्रूने कसायचा. याचे २५ वॉट अंगावर लिहिल्यासारखे खरे नसतात. डेटाशीटने सांगितलेल्या मापाच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर कसला आणि हवा २५ अंश असली तरच ते मिळतात. नुसता हवेत लटकवला तर निम्म्याच्याही खाली येतात. प्लॅस्टिकच्या पेटीच्या भिंतीला कसणं म्हणजे हवेत लटकवण्यासारखंच आहे, कारण प्लॅस्टिक अॅल्युमिनियमच्या मानाने उष्णता जवळजवळ वाहतच नाही. तसं करणार असाल तर सिमेंटचाच बरा.

पेटी धातूची असेल तर मात्र चित्र पालटतं. रंग खरवडून, हीट सिंक कंपाउंड लावून रेझिस्टर भिंतीला कसला, की त्याचे १.२ वॉट आतल्या हवेला फारसे न शिवता पत्र्यातून बाहेर जातात. वरच्याच हिशेबात ४ ऐवजी २.८ वॉट घाला, आतली हवा साधारण चार अंश उतरते. कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना दुप्पट-निम्मं होतं असं धरतात, त्या मानाने हे चार अंशही वाया जात नाहीत.

निवड खरी ठरते ती बिघाडाच्या दिवशी. कॉइल आतून शॉर्ट झाली तर पूर्ण २४ व्होल्ट रेझिस्टरवर येतात:

```
24² / 120 = 4.8 W
```

| | रोजचं अंग | कॉइल शॉर्ट झाल्यावर |
|---|---|---|
| २ वॉट मेटल ऑक्साइड | १७४ अंश | जळतो, बोर्डही जाळतो |
| ५ वॉट सिमेंट | १२४ अंश | मर्यादेच्या बाहेर |
| २५ वॉट, धातूच्या भिंतीला | भिंतीपेक्षा थोडं वर | तग धरतो |

सिमेंटवाल्याच्या बाबतीत लोक म्हणतात, पाच वॉट आहे, ४.८ बसतात की! पण ७५ अंशांना तो ४.८८ वॉटचा उरलेला असतो. शिवाय जादा ३.६ वॉटनी पेटीच बारा-तेरा अंशांनी तापते, मग उरतात ४.६. फ्यूजवरही विसंबू नका. शॉर्टमध्येही करंट ०.२ अॅम्पियरच आहे आणि १६० मिलिअॅम्पियरचा फ्यूज सव्वापट करंटवर तासन् तास टिकू शकतो. सिमेंटच वापरायचा असेल तर त्याला खेटून थर्मल कटऑफ बसवा.

व्हॉल्व्ह बदलायची मोकळीक असेल तर २४ व्होल्टची कॉइल घ्या, रेझिस्टरच नको. तो बदलता येत नसेल तर छोटा बक कन्व्हर्टर ०.२ वॉटच्या आसपासच वाया घालवतो. पण त्याचे स्वतःचे कपॅसिटरही त्याच ७५ अंशांत राहणार, म्हणून तो १०५ अंशांचे कपॅसिटर असलेलाच हवा.

माझं मत: पेटी धातूची असेल तर अॅल्युमिनियमचा, प्लॅस्टिकची असेल तर बक कन्व्हर्टर, आणि दोन्ही जमत नसेल तर कटऑफसह सिमेंटचा.

काहीही निवडलंत तरी पेटी बंद करून एकदा मोजा. थर्मोकपल कॅप्टॉन टेपने रेझिस्टरच्या अंगाला आणि दुसरं शेजारच्या कपॅसिटरला चिकटवा. झाकण लावून आकडा हलायचा थांबेपर्यंत, म्हणजे दीड-दोन तास, चालू ठेवा. चकचकीत अॅल्युमिनियमवर लेझरवाली गन खोटं कमी तापमान दाखवते, तिच्या नादी लागू नका. डिसेंबरात सावलीत ३० अंशांना मोजलंत तर मिळालेल्या आकड्यात मे महिन्याचे १४ आणि उन्हाचे १५ मिळवा. कपॅसिटरचा आकडा मग ९५ च्या वर गेला, तर रेझिस्टरची जागा बदला.